मुक्ताई बंद करा, आरती चालू ठेवा

यूट्यूबवर भक्तीचं चॅनल चालवायचं तर आधी श्रद्धा बाजूला ठेवा आणि यूट्यूब स्टुडिओतला, प्रेक्षक कुठवर टिकले ते दाखवणारा रिटेन्शनचा आलेख उघडा. कोणता देव ठेवायचा नि कोणता काढायचा, ते आता तोच ठरवतो.

समजा तुमच्याकडे दोन व्हिडिओ आहेत. एक चार मिनिटांची आरती, सरासरी ३ मिनिटं १२ सेकंद पाहिली गेलेली, म्हणजे ८० टक्के. दुसरं मुक्ताईच्या ताटीच्या अभंगांवरचं ४८ मिनिटांचं कीर्तन, सरासरी ९ मिनिटं ३६ सेकंद, म्हणजे २० टक्के. टक्के बघा आणि मुक्ताईला निरोप द्या. मिनिटांत कीर्तन आरतीच्या तिप्पट ऐकलं गेलं, असं कोणी म्हणालंच तर त्याला मुक्ताईनगरच्या पालखीबरोबर पंढरपूरला धाडा.

आलेखाची सुरुवात मात्र चुकूनही निरखू नका. तिथे कदाचित दिसेल, की शंभरातले सत्तर जण पहिल्या अर्ध्या मिनिटातच पळालेत, कारण तेव्हा देणगीदारांची नावं, मंडपवाल्याचे आभार आणि माईकचं 'हॅलो, हॅलो' चाललंय. म्हणजे उरलेले तीस जण सरासरी अर्ध्या तासाहून जास्त वेळ बसले! ही माहिती भलतीच अडचणीची. विषय ठेवून नुसते आभार कापावे लागतील, आणि देणगीदार रुसतील. त्यापेक्षा मुक्ताई गेलेली परवडली. ती काही वर्गणी देत नाही.

आता रिप्ले. कानबाईच्या अहिराणी गाण्यात तिसऱ्या कडव्यावर आलेखाला उंच टोक आलंय? लगेच भक्तीचा पूर आला म्हणून जाहीर करा आणि त्या कडव्याचे तीसेक सेकंदांचे तुकडे पाडा. तो भाग कान देऊन ऐकू नका. ऐकलात तर कळेल, की तिथे ढोलकीखाली शब्द बुडालेत आणि बाया रोटाच्या पिठाचे हात पुसून, मागे ओढून-ओढून, वहीत कडवं उतरवताहेत. खाली 'दादा, ही ओळ परत लिहा ना' असंही कोणीतरी विचारलेलं असेल. मग गाण्याचे शब्द पडद्यावर द्यावे लागतील, तेही शुद्धलेखन तपासून. कोण करणार?

कानबाईचा निकालही पौषातच लावा. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या देवीला थंडीत कोणी शोधत नाही, त्यामुळे आकडे अगदी मनासारखे पडलेले सापडतील. मागच्या श्रावणाशी ताडून बघणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग.

आरतीचा मात्र बिनधास्त जयजयकार करा. लोक फोन देवघरात टेकवून भाकरी थापायला जातात, आरती संपते, पुन्हा लागते. आलेखाला वाटतं, समाधी लागली. तरीही ८० टक्के कमी वाटत असतील तर आरती दोन मिनिटांची करा. आणि शंभरच्या वर जायचं असेल तर दहा सेकंदांचा शंखनाद शॉर्ट म्हणून टाका. तो आपोआप फिरून वाजतो.