वीस रुपयांचा कॉमा

पाइप गॅसचं बिल आलं की आपण रक्कम बघतो, शेवटची तारीख बघतो आणि भरून मोकळे होतो. मधे 'मागील रीडिंग' आणि 'चालू रीडिंग' असे दोन रकाने असतात, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझंही गेलं नसतं, पण या दिवाळीच्या आसपास तीन बिलं एकाखाली एक ठेवली आणि डोकं चक्रावलं.

मे-जूनच्या बिलात मागील रीडिंग १२८४.५३० आणि चालू १३१०,४ (टिंब नाही, कॉमा). जुलै-ऑगस्टला मागील १३१० आणि चालू १३३६.३५०. सप्टेंबर-ऑक्टोबरला मागील १,३३६.३५० आणि चालू नुसतं १३६२. मीटर एकच, कंपनी एकच, आणि आकडे लिहायच्या तऱ्हा चार. एका ठिकाणी कॉमा म्हणजे दशांश, दुसरीकडे तोच कॉमा हजाराचा.

आता कॉमाचं म्हणाल तर मीटरची चूक नाही. आमच्या मानपाड्याच्या फ्लॅटमधे मीटर ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या डोक्यावर आहे. त्याच्या तबकडीवर काळे आकडे म्हणजे घनमीटर, बिलातले युनिट, मग कॉमा, मग लाल चौकटीतले तीन आकडे. लालमधला शेवटचा आकडा म्हणजे एक लिटर गॅस. दशांशासाठी टिंब आणि कॉमा दोन्ही चालतात, हे वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं २००३ साली ठरावातच म्हटलंय. आणि त्याच ठरावात हेही आहे की मोठ्या आकड्यांचे तीन-तीनचे गट पाडायचे तर मधे नुसती मोकळी जागा सोडा, टिंब नको नि कॉमाही नको. अर्थात आपण एक लाखाला दोन कॉमे देणारी माणसं. म्हणून तर मीटरवरचा कॉमा बिलात जसाच्या तसा उतरला की घोळ होतो.

पण मी गॅस कंपनीला मेल लिहिला तो दिसायला वाईट म्हणून नाही. खरी गोष्ट पहिल्या दोन बिलांच्या सांध्यावर आहे. एका बिलाचं चालू रीडिंग हेच पुढच्या बिलाचं मागील रीडिंग असतं, दोन्ही त्याच दिवसाचे आकडे. इथं मे-जूनचं बिल १३१०.४ वर संपलं आणि पुढचं १३१० पासून सुरू झालं. म्हणजे मधले ०.४ युनिट पहिल्या बिलात मोजले आणि दुसऱ्यातही मोजले. मोठी शेगडी साधारण दोन तास पेटवली की एवढा गॅस जातो.

इथं एक बारकावा आहे. कंपनीनं कायम पूर्ण आकडेच धरले असते, दोन्ही टोकांना, तर ग्राहकाचं काहीच गेलं नसतं. या बिलात अर्धा युनिट कमी लागला तर पुढच्यात तो आपसूक येतो. दर बिलात दोन दशांश धरले तरी तेच. नुकसान होतं ते एका टोकाला दशांश धरून दुसऱ्या टोकाला सोडला की. म्हणून 'किती दशांश हवेत' यावर वाद घालण्यात अर्थ नाही. सांधा जुळतो की नाही एवढंच बघायचं.

युनिटला पन्नास रुपये धरले तर ०.४ चे वीस रुपये झाले, वर थोडा व्हॅट. "वीस रुपयांसाठी मेल लिहितोस? वडापाव खाऊन ये," इति आमचे शेजारचे काका. काका, उद्या एखाद्या प्रोग्रॅमनं १३१०,४ मधला कॉमा हजाराचा समजून काढून टाकला तर ते १३१०४ होईल आणि दोन महिन्यांत आपण अकरा हजारांवर युनिट जाळले असं बिल येईल. ते बिल निदान लगेच डोळ्यावर येतं. वीस रुपयांचं कधीच येत नाही, म्हणून मला तेच जास्त खटकतं.

मग मेल लिहिला. चिडून नाही. समोर वाचणारा मुलगा बिलिंगचा प्रोग्रॅम लिहीत नाही, त्याला फक्त तक्रार पुढे सरकवायची असते. त्याला विचार न करता सरकवता येईल असा मेल लिहिणं म्हणजेच सभ्यपणा, असं माझं मत. विषयात ग्राहक क्रमांक आणि 'दोन सलग बिलांतील रीडिंग जुळत नाही'. खाली एवढंच:

"नमस्कार. मे-जूनच्या बिलात चालू रीडिंग १३१०,४ आहे आणि जुलै-ऑगस्टच्या बिलात मागील रीडिंग १३१० आहे. दोन्ही एकाच तारखेची असल्याने ती सारखी असावीत. त्या दिवशी मी पाठवलेला मीटरचा फोटो सोबत आहे, त्यात १३१०,४१२ दिसते. कृपया या तारखेचे ग्राह्य रीडिंग कळवावे आणि ०.४ युनिट दोनदा आकारले असल्यास पुढील बिलात वजा करावे. तसेच रीडिंग किती दशांश स्थळांपर्यंत नोंदवले जाते, हेही कळवावे. दोन्ही बिले जोडली आहेत. धन्यवाद."

'ग्राहकांची लूट', 'ग्राहक आयोगात जाईन' वगैरे काही नाही. आयोग कुठे पळून जात नाही.

पहिलं उत्तर छापील आलं: आपले बिल प्रत्यक्ष वापरानुसार असून योग्य आहे. मी त्याच मेलखाली, नवा मेल न काढता, दोन्ही बिलांतल्या त्या दोन ओळी कापून एकाखाली एक चिकटवल्या आणि विचारलं, या दोनपैकी कोणता आकडा बरोबर? यावर मात्र कुणीतरी माणसानं लिहिलेलं उत्तर आलं, आणि ते वाचण्यासारखं होतं.

त्यांच्याकडे रीडिंग तीन वाटांनी येतं. रीडर घरी येतो तेव्हा तो फक्त काळे आकडे टिपतो, म्हणून १३६२. ग्राहकानं फोटो पाठवला तर ऑफिसात बसलेलं कुणीतरी बघून भरतं, तिथं माझ्या मीटरचा कॉमा शिरला. (पुढच्या बिलात जाताना कॉमापुढचं गळलं ते कसं, हे त्यांनी लिहिलं नाही. प्रोग्रॅमला १३१०,४ हा आकडाच वाटला नसावा नि तो कॉमापाशी थांबला असावा, हा माझा अंदाज.) तिसरी वाट सरासरीची. ऑगस्टअखेर आम्ही गणपतीसाठी गावी, घराला कुलूप, मीटर आत. तेव्हा रोजचे ०.४२५ युनिट धरून ६२ दिवसांचे २६.३५० काढले आणि १३१० मधे मिळवले. झाले १३३६.३५०.

म्हणजे बघा, १३३६.३५० हा इतका काटेकोर दिसणारा, तीन दशांशांपर्यंत लिहिलेला आकडा कुणी मीटरवर वाचलेलाच नव्हता! तुमच्या बिलात मधेच असे तीन दशांश उगवले तर रीडिंगशेजारचा बारीक अक्षरातला शेरा वाचा, तिथं बहुधा 'अंदाजित' लिहिलेलं सापडेल. त्यानं नुकसान होत नाही, पुढचं खरं रीडिंग आलं की हिशेब सरळ होतो. फक्त त्या आकड्याला धरून भांडू नका.

०.४ युनिट पुढच्या बिलात वजा करू असं त्यांनी लेखी दिलंय. दशांश स्थळांच्या प्रश्नावर 'संबंधित विभागाकडे पाठवले आहे'. तोवर मी फोटो काढताना लाल आकडे चौकटीत घेतो, काचेवर ट्यूबची चमक येऊ देत नाही आणि रीडिंग टाइप करताना कॉमाच्या जागी टिंब देतो. काकांनीही काल त्यांची बिलं काढली. त्यांच्याकडे एक सांधा ०.७ नं तुटलाय, आणि आता मेलचा मसुदा मागतायत.