एनर्जी स्थिरावली, पण दाब आणि गॅपचं काय?

डीएफटीने, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून, पदार्थाचे गुणधर्म काढताना दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. एक कटऑफ, म्हणजे किती ऊर्जेपर्यंतच्या प्लेन वेव्ह हिशेबात घ्यायच्या ती मर्यादा. दुसरी के-ग्रिड, म्हणजे ज्या वेव्हव्हेक्टरांवर हिशेब करायचा त्या बिंदूंची जाळी. त्याबद्दल एक दावा असा:

"सिलिकॉनच्या दोन अणूंच्या सेलवर कटऑफ वाढवत न्या. लागोपाठच्या दोन रनमध्ये टोटल एनर्जीचा फरक अणूमागे १ मिलीइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली आला की थांबा. के-ग्रिडचंही तसंच. मग त्याच सेटिंगवर लॅटिस कॉन्स्टंट, बँड गॅप, डिफेक्ट, काहीही काढा."

"लागोपाठच्या दोन रन" इथूनच गडबड सुरू होते. कटऑफ २ रिडबर्गने वाढवला तर फरक लहानच दिसणार, १० ने वाढवला तर मोठा. म्हणजे हा आकडा आपण किती मोठं पाऊल टाकलं ते सांगतो, अजून किती चूक उरली आहे ते नाही. त्यापेक्षा ८० रिडबर्गसारखा एक भरपूर मोठा कटऑफ संदर्भ म्हणून घ्यावा आणि प्रत्येक रनची तुलना त्याच्याशी करावी. कटऑफ वाढला की एनर्जी खालीच जाते, त्यामुळे निदान दिशा तरी ठरलेली असते. के-पॉइंटचं तसं नाही. ग्रिड दाट करताना एनर्जी वरही जाते आणि खालीही, म्हणून दोन ग्रिडची उत्तरं निव्वळ योगायोगाने जुळू शकतात. एकाच जुळणीवर विसंबू नका, पुढचे दोन ग्रिडही चालवून बघा.

लॅटिस कॉन्स्टंटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथली चूक डोळ्यांना दिसत नाही. `vc-relax`, म्हणजे सेलचा आकारही बदलू देणारा रन, चालू असताना प्लेन वेव्हची यादी सुरुवातीच्या सेलवर ठरते आणि तीच पुढे वापरली जाते. सेल प्रत्येक बाजूने १ टक्का आकसला की यादीतल्या प्रत्येक वेव्हचा वेव्हव्हेक्टर १ टक्क्याने वाढतो. मग ३० रिडबर्गचा कटऑफ प्रत्यक्षात ३०.६ सारखा वागू लागतो. बेसिस सुधारला म्हणून एनर्जी उतरते आणि हिशेबाला वाटतं की सेलला आकसायचंच आहे. हा खोटा दाब म्हणजेच पुलाय स्ट्रेस. तो किती, हे एका सूत्रातून निघतं:

```
P = (2/3) · (Ecut/V) · dE/dEcut
```

दाव्यातलीच अट घालून पाहू. ३० वरून ३२ रिडबर्गवर जाताना एनर्जी अणूमागे १ मिलीइलेक्ट्रॉन-व्होल्टने उतरली, म्हणजे सेलमागे २ ने. उतार झाला दर रिडबर्गला उणे १. सेलचं आकारमान सुमारे ४० घन आंगस्ट्रॉम आहे. हे आकडे घातले की उत्तर येतं उणे ०.८ किलोबार. क्वांटम एस्प्रेसो या डीएफटी प्रोग्रॅममध्ये `press_conv_thr` ची, म्हणजे सेल रिलॅक्स करताना चालवून घ्यायच्या दाबाची, डिफॉल्ट मर्यादाच ०.५ किलोबार आहे! म्हणजे एनर्जीच्या कसोटीला उतरलेली सेटिंग दाबाच्या कसोटीवर नापास होते.

सिलिकॉन कडक आहे. त्याचा बल्क मोड्युलस शंभर गिगापास्कलच्या जवळपास असल्याने या दाबाने लॅटिस कॉन्स्टंट जेमतेम ०.००१५ आंगस्ट्रॉमने हलेल, हे मान्य. पण झिंक ऑक्साइडमध्ये झिंकचे ३डी आणि ऑक्सिजनचे २पी इलेक्ट्रॉन आहेत. तिथे हा उतार पुष्कळ जास्त कटऑफपर्यंत टिकतो, आणि तिथे हीच सवय महागात पडते. म्हणून सेल न हलवता दाब आणि कटऑफ यांचा आलेख काढावा. कटऑफ कमी असताना दाब खोटाच खाली दिसतो आणि हळूहळू वर चढून सपाट होतो. सेल रिलॅक्स करायचा असेल तर कटऑफ त्या सपाट भागातला हवा.

आता बँड गॅप. सिलिकॉनच्या व्हॅलेन्स बँडचा माथा गॅमा बिंदूवर असतो आणि कंडक्शन बँडचा तळ गॅमा ते एक्स या वाटेवर साधारण ८५ टक्क्यांवर. हा ग्रिड बघा:

```
K_POINTS automatic
8 8 8 0 0 0
```

या वाटेवर त्याचे बिंदू ०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्क्यांवर पडतात. तळ त्यात नाहीच. शेवटचे तीन आकडे `1 1 1` केले तर गॅमाही सुटतो. माथा किंवा तळ हुकला की गॅप खऱ्या डीएफटी गॅपपेक्षा मोठाच दिसतो, आणि टोटल एनर्जी मात्र दोन्ही ग्रिडवर छान स्थिरावलेली असते. यात एक सापळा आहे. पीबीई फंक्शनलचा गॅप सुमारे ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतो, प्रयोगातला खोलीच्या तापमानाला १.१२ आहे. विरळ ग्रिडचा फुगलेला आकडा प्रयोगाच्या जास्त जवळ जातो, आणि माणूस खूश होऊन तिथेच थांबतो. गॅपसाठी स्थिरावलेली चार्ज डेन्सिटी घ्या आणि गॅमा ते एक्स या वाटेवर बारीक अंतराने वेगळा `bands` रन करा.

डिफेक्टसाठी ६४ अणूंचा घन सेल घेतला की के-ग्रिडचा आकडा तोच ठेवून चालत नाही, बिंदूंमधलं अंतर जुळवावं लागतं. दोन अणूंच्या सेलमध्ये ८ भाग केले की अंतर दर आंगस्ट्रॉमला ०.२५ येतं. ६४ अणूंच्या सेलमध्ये २ भागांनी ०.२९ येतं, ३ भागांनी ०.१९. त्यामुळे इथे ३ घ्यावे लागतात. ८ ठेवले तर वेळ फुकट जातो, आणि १ वर भागवलं तर अंतर ०.५८ होतं.