तांबडं लुगडं आणि पॉपीचं फूल

"नववीच्या पोरांना 'लाल म्हणजे प्रेम किंवा क्रांती, पांढरा म्हणजे शांती किंवा शोक' असा तक्ता फळ्यावर लिहून दिला, तर काय बिघडतं? तिकडे परदेशात काय करतात?" – विट्याच्या एक शिक्षिका

तक्त्याची परीक्षा घ्यायला या चार ओळी घ्या. त्या या कामासाठीच जुळवल्या आहेत, तेव्हा कविता म्हणून फार अपेक्षा नको.

बिनकाठाच्या तांबड्या लुगड्यात आत्या
माजघरात पांढरे तांदूळ निवडते;
ओटीचं ताट तिच्यासमोरून
बाहेरच्या खोलीत जातं.

तुमचा तक्ता लावला तर तांबडं म्हणजे प्रेम आणि पांढरे तांदूळ म्हणजे शांती किंवा शोक. इकडे ब्रिटनमध्ये भारताबद्दल थोडंफार वाचलेला माणूस दुसरा तक्ता काढील: भारतात लाल नवरीचा, पांढरा विधवेचा. म्हणजे आत्या सौभाग्यवती आणि तांदूळ अशुभ. दोन्ही तक्ते इथे नेमके उलटे पडतात. महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवेच्या अंगावर आलवण नावाचं तांबडं लुगडं असे, आणि ओटीतले तांदूळ तर मंगलाचे. या ओळींत शोक तांबड्यात आहे आणि शुभ पांढऱ्यात.

पण हे कळतं कशावरून? नुसत्या 'तांबड्या'वरून नाही. तांबडं लुगडं सवाष्णही नेसते. कळतं ते तीन गोष्टी एकत्र आल्यावर: लुगड्याला काठ नाही, बाई माजघरात आहे, आणि ओटी तिच्यासमोरून जाते, तिची भरली जात नाही. यातली तिसरी खूण सर्वांत वजनदार. ती काढून टाका, की उरते ती तांदूळ निवडणारी कुठलीही आत्या.

वर्गात करून बघण्यासारखी एक युक्ती आहे: रंग बदला आणि काय कोसळतं ते पाहा. 'तांबड्या'च्या जागी 'हिरव्या' घातलं, तर हिरव्या चुड्याची आठवण येऊन बाई सवाष्ण होते, आणि ओटी तिला का टाळते याचं कोडं पडतं. 'पांढऱ्या' घातलं तर अर्थ चटकन कळतो, पण सिनेमातल्या विधवेसारखा, आणि वर पांढऱ्या लुगड्यापुढे पांढऱ्या तांदळांचं वेगळेपण पुसलं जातं. म्हणजे त्या रंगाला ओळीत काम आहे. बदलून काहीच बिघडलं नाही, तर तो रंग नुसता सजावटीचा समजावा आणि त्यावर प्रश्न काढू नये.

यावर कऱ्हाडच्या एका वाचकाचं म्हणणं असं, की विधवेचा रंग सगळ्या भारतात पांढराच, आलवण हा अपवाद. अर्धं बरोबर आहे. बंगालमध्ये आणि उत्तरेत बऱ्याच ठिकाणी पांढरं वस्त्र होतंच, आपल्याकडेही पुढे ते दिसू लागलं. पण जुन्या मराठी लेखनात वैधव्याचं पांढरेपण कापडापेक्षा कपाळावर जास्त आहे. पुसलेलं कुंकू, पांढरं कपाळ. तिथे पांढरा हा रंग नसून लाल नसणं आहे, आणि ओळ वाचताना हा फरक मोठा पडतो.

वाईच्या एका निवृत्त सरांनी त्यापुढची गोष्ट दाखवली. आलवण ही ठरावीक घरांतली रीत. माण-खटावातल्या ज्या समाजांत पाट लावण्याची, मोहतुराची, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाची चाल होती, तिथे विधवेच्या वस्त्राचा असा नियम धरून चालत नाही. म्हणून तांबडं लुगडं दिसलं की आधी विचारायचं, घर कोणाचं आणि काळ कोणता. हा प्रश्न तक्त्यात मावत नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर लिहिलेल्या कवितेत विधवेच्या कपाळी कुंकू आलं, तर ते 1890 च्या कुंकवासारखं वाचता येणार नाही. तेव्हा ते बंड ठरलं असतं. आता कदाचित गावाचा ठराव असेल, कदाचित तरीही बंडच.

परदेशात तक्ते नाहीत असं समजू नका. इकडे नोव्हेंबरात कोटावर लाल पॉपी लावतात आणि ती शहिदांच्या स्मृतीची, म्हणून शांतीची, असं शाळेत सहज सांगितलं जातं. ज्या कवितेमुळे हे फूल प्रसिद्ध झालं ती जॉन मॅक्रे या कॅनडाच्या लष्करी डॉक्टरची, 1915 ची. त्या मूळ इंग्रजी कवितेत 'लाल' हा शब्दच नाही. फुलं आहेत, क्रूसांच्या रांगा आहेत, रंग वाचणारा स्वतः भरतो. आणि शेवटच्या कडव्यात मेलेले सैनिक मागच्यांना सांगतात की शत्रूशी आमचं भांडण पुढे चालवा. म्हणजे कवितेतली पॉपी शांतीची नाहीच. 1921 मध्ये ब्रिटनमध्ये पॉपी दिन सुरू झाला आणि फुलाचा अर्थ कवितेबाहेर ठरू लागला. युद्ध नको म्हणणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संघटनेने 1933 मध्ये पांढरी पॉपी काढली ती यामुळेच. लाल आणि पांढरी, दोन्ही स्मृतीच्याच. पण पांढरी लावलेला माणूस आजही काहींना डिवचतो. इथे पांढरा शोकाचा की शांतीचा, यापेक्षा तो कशाच्या विरोधात उभा आहे, यावर अर्थ ठरतो.

आमचा, म्हणजे परदेशातल्या मराठी माणसांचा, दोष वेगळा. शेजाऱ्याने विचारलं की 'आमच्याकडे पांढरा अशुभ' असं आम्ही ठोकून देतो. लोणंदहून फलटणला जाणाऱ्या पालखीतली पांढऱ्या टोप्या-धोतरांची गर्दी आम्हाला त्या वेळी आठवत नाही. घर सोडलं त्या वर्षीचाच तक्ता आम्ही जपून ठेवतो, आणि गावचा वाद पुढे सरकलेला असतो. उलट सांगलीकराला जे आपोआप कळतं ते इथल्या टीपकाराला कळत नाही. 'हळद लाल झाली' अशी ओळ आली, की तो जखम शोधतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते आणि कुंकू हळदीपासूनच करत, हे हळदीच्या बाजारपेठेत वाढलेल्या पोराला सांगावं लागत नाही.

मिरजेच्या एका काकांनी प्रश्न वेगळाच घेतला: भाचीचं बर्मिंगहॅमला लग्न आहे, मुलाकडचे इंग्रज, तर पांढरी साडी चालेल का? काका, 1840 मध्ये व्हिक्टोरिया राणीने लग्नात पांढरा पोशाख घातला आणि ती चाल पसरली, त्यांच्याकडे तो नवरीचाच रंग. केरळातली नवरीही फिक्या पांढऱ्यावर सोनेरी काठ नेसते. आजीची समजूत मात्र तुम्हालाच काढायची आहे.

आता वर्गाचं. तक्ता पुसावा आणि त्याजागी तीन प्रश्न लिहावेत: रंग कोणत्या वस्तूवर आहे, ती वस्तू कोणाच्या घरातली आहे, आणि रंग बदलला तर कोणती ओळ लंगडी होते. पाच गुणांच्या उत्तरात रंगाचा अर्थ सांगितल्याला एक द्यावा, कवितेतली खूण दाखवल्याला तीन, उरलेला एक शंका घेतल्याला. 'हे सवाष्णीचंही असू शकेल' असं लिहिणारी मुलगी चुकलेली नाही.

एक भांडण मात्र मिटलेलं नाही. आज नववीतल्या किती पोरांना आलवण माहीत असेल? वाईचे सर म्हणतात टीप देऊ नका, टीप दिली की पोरं टीपच पाठ करतात, आधी त्यांना आत्या बाहेरच्या खोलीत का गेली नाही हे विचारा. माझं मत, एका ओळीची टीप द्यावी, पण कविता दोनदा वाचून झाल्यावर. पस्तीस मिनिटांच्या तासात दोनदा वाचणं बसतं का, ते तुम्हीच सांगू शकाल.