‘नैराश्यं परमं सुखम्’ आणि त्याखालच्या चार ओळी

“तुमच्या प्रत्येक क्लिपखाली स्कंध, अध्याय, श्लोक, आवृत्ती, मिनिट-सेकंद. कीर्तनाला सातबारा जोडल्यासारखं वाटतं. महाराज बोलले ते पुरे नाही का? ज्याच्यापाशी भाव आहे त्याला पुरावा लागत नाही. आणि ‘पूर्ण प्रवचन इथे ऐका’ म्हणजे व्ह्यूज वाढवायचा धंदा, दुसरं काय!” (एक वाचक, परभणी)

माउली,

सातबारा आवडला. पण सातबारा कुणी हौसेनं काढत नाही, बांधावर भांडण झालं की तलाठ्याकडं धाव घेतो. आमचंही तसंच झालं.

आमच्या गावच्या सप्ताहात महाराजांचं एकनाथी भागवतावर प्रवचन झालं, दीड तासाचं. त्यातला 52 सेकंदांचा तुकडा मी कापून टाकला. महाराज खड्या आवाजात म्हणतात, “आशा हि परमं दुःखं, नैराश्यं परमं सुखम्! भगवंत सांगतात, आशा सोडा.” टाळ्या पडतात, क्लिप संपते. मी खाली लिहिलं, ‘भगवद्गीता. राम कृष्ण हरि.’ भगवंत सांगतात म्हणजे गीताच, असं मी धरून चाललो. उघडून बघायचा कंटाळा केला, एवढंच.

दोन दिवसांनी एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. “बाळा, गीतेचे अठराही अध्याय चाळले, हा श्लोक दाखव कुठं आहे.” गीतेत तो नाहीच. तो भागवताच्या अकराव्या स्कंधात, आठव्या अध्यायाचा शेवटचा, 44 वा श्लोक आहे. बोलणारा आहे अवधूत, ऐकणारा यदुराजा, आणि हा सगळा संवाद श्रीकृष्ण उद्धवाला सांगतो. म्हणजे महाराजांचं ‘भगवंत सांगतात’ खोटं नव्हतं. चूक माझी होती.

गीता लिहिलं काय नि भागवत लिहिलं काय, असं तुम्ही म्हणाल. त्याच क्लिपखाली आलेली एक कॉमेंट मात्र मला अजून आठवते. एका शेतकऱ्यानं लिहिलं होतं, “आशाच सोडायची तर पेरायचं कशाला महाराज?” त्याखाली दुसऱ्यानं: “नैराश्यात सुख? आमच्याकडं येऊन बघा.” आपल्या भागात नैराश्य हा शब्द कोणत्या बातम्यांत येतो, ते तुम्हाला सांगायला नको.

आजच्या मराठीत नैराश्य म्हणजे मन खचणं. श्लोकातलं नैराश्य म्हणजे आशेचा अभाव, दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत बसणं संपलेलं असणं. अक्षरं तीच, अर्थ जवळजवळ उलटा. हे कळायला आधीची गोष्ट लागते. विदेहनगरीतली पिंगला नावाची वेश्या नटूनथटून दारात उभी आहे. हा नाही तर तो येईल, जास्त पैसे देणारा येईल, म्हणून आत-बाहेर करते आहे. मध्यरात्र होते, कुणीच येत नाही. तेव्हा तिला स्वतःचीच शिसारी येते, ती ते वाट बघणं टाकून देते आणि गाढ झोपते. श्लोकाचा दुसरा अर्धा भाग तेच सांगतो: ‘यथा सञ्छिद्य कान्ताशां सुखं सुष्वाप पिङ्गला’. तो अर्धा भाग माझ्या कात्रीत गेला होता. पेरणीची आशा सोडा असं त्या गोष्टीत कुठंच नाही. महाराजांनीही पुढं साडेतीन मिनिटं हेच समजावलं होतं, फक्त ते क्लिपच्या बाहेर राहिलं.

त्या दिवशी मी क्लिपखाली हे लिहिलं:

```
श्लोक: श्रीमद्भागवत 11.8.44 (अवधूत यदूला सांगतो)
नाथांची टीका: एकनाथी भागवत, अध्याय 8, पिंगला आख्यान
इथे ‘नैराश्य’ = अपेक्षा नसणे; खचणे नव्हे.
अर्थ आणि पूर्ण गोष्ट: मूळ प्रवचन, 42:15 पासून
```

चारच ओळी. पैकी तिसरी सगळ्यात मोलाची, आणि तीत ग्रंथाचं नावसुद्धा नाही. यूट्यूबच्या डिस्क्रिप्शनमध्ये 5000 अक्षरं मावतात, पण पूर्ण उघडून न बघता सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात. म्हणून मंडळाची नावं, देणगीदार, मंडपवाले सगळे खाली, आणि संदर्भ वर. (यावरून मंडपवाले रुसलेत, ती वेगळी कथा.)

स्कंध-अध्याय-श्लोक लिहिला की भागवत कुणालाही सापडतं. शिवाय नाथांची टीका अकराव्या स्कंधावरच असल्यानं तिचे 31 अध्याय मूळच्या अध्यायांशी जुळतात, हा मोठा आराम. ओव्या-अभंगांचं तसं नाही. ज्ञानेश्वरीत प्रतीप्रमाणं ओवीचा आकडा एखाद-दोननं सरकतो, आणि तुकोबांच्या गाथेत तर एका प्रतीतला अभंगक्रमांक दुसरीत पार वेगळाच निघतो. म्हणून तिथं मी पहिला चरण लिहितो, पुढं क्रमांक आणि कोणती प्रत समोर होती ते. तुम्हाला खटकलेली ‘आवृत्ती’ ती हीच. आकडा एकटा लिहिला तर दुसऱ्या घरातल्या गाथेत भलताच अभंग उघडतो, आणि मग महाराज चुकले अशी बोंब होते. महाराजांवर अविश्वास नाही, उलट त्यांच्या नावावर माझी चूक जाऊ नये म्हणून हा खटाटोप. त्याच कारणानं, बैलबाजाराचा दृष्टान्त महाराजांचा स्वतःचा असेल तर तसं लिहितो. नाहीतर पुढच्या वर्षी तो कुणीतरी नाथांच्या नावावर सांगतो.

आता लिंक. व्ह्यूज वाढतात हे खरं, नाकारत नाही. पण नुसतं ‘पूर्ण प्रवचन ऐका’ याला माझाही विरोध आहे. दीड तासात ती साडेतीन मिनिटं कुणी शोधायची? म्हणून मिनिट. मोठ्या व्हिडिओच्या लिंकला शेवटी `?t=2535`, आणि लिंकमध्ये आधीच `?` असेल तर `&t=2535`, जोडलं की तो थेट 42:15 ला सुरू होतो (42 गुणिले 60, अधिक 15). शॉर्ट्सच्या डिस्क्रिप्शनमधली लिंक दाबली जात नाही, तिथं स्टुडिओत `Related video` मध्ये मूळ प्रवचन निवडावं लागतं. म्हणून मिनिट अक्षरांतही लिहितो.

यातही मी एकदा तोंडावर पडलो. थेट प्रक्षेपणाच्या सुरुवातीला 11 मिनिटं नुसतं ‘हॅलो हॅलो, माइक चेक’ होतं, ते नंतर कापलं. मग 42:15 वर महाराज पिंगलेला सोडून कुररपक्ष्यावर, म्हणजे नवव्या अध्यायात पोचलेले! पिंगला आता 31:15 ला होती, `?t=1875`. सतरा क्लिपांखालचे आकडे एकेक करून बदलले. तेव्हापासून आधी कापतो, मग वेळा लिहितो, आणि टाकल्यावर दुसऱ्याच्या मोबाइलवर लिंक दाबून बघतो.

एका बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. हरिपाठाच्या क्लिपखाली मी अकरा संदर्भ डकवले होते, त्यातले आठ महाराजांनी उच्चारलेही नव्हते. ती माझी हौस होती, काल काढून टाकले.

आणि एक काम तुमच्याकडं. कार्तिकातल्या एका क्लिपखाली तुम्हाला ‘संदर्भ सापडला नाही’ असं दिसेल. महाराजांनी तो अभंग जनाबाईंचा म्हणून सांगितला, पण माझ्याकडच्या सकलसंतगाथेत तो जनाबाईंच्या अभंगांत नाही, नामदेवांच्याही नाही. जनाबाईंचं गंगाखेड तुमच्याच जिल्ह्यात. तिकडं कुणाकडं जुनी छापील प्रत असेल तर पहिला चरण लावून बघाल का? सापडला तर पानाचा फोटो पाठवा, मी ती ओळ बदलतो.