यमक काढलं की गाणं कशावर चालतं?

गेल्या काही वर्षांत नव्या मुलामुलींची गाणी वाचायला मिळतात, एकांकिकांसाठी लिहिलेली, छोट्या बँडसाठी लिहिलेली. त्यातली बरीच यमक सोडून दिलेली असतात आणि मला ते मनापासून आवडतं. आपल्या भाषेत यमक फार स्वस्त मिळतं. गेला-आला, होती-जाती, क्रियापदाचं शेपूट जुळलं की झालं. पण यमक काढून टाकल्यावर मुक्तछंदातली कविता जशीच्या तशी संगीतकाराच्या हातात दिली जाते आणि तिथे माझं मतभेदाचं ठिकाण सुरू होतं. कविता कागदावर मोकळी असू शकते. गाण्याला ठेका असतो आणि ठेका बहुधा दर आठ किंवा सहा मात्रांनी परत येतो. यमक नसेल तर ओळीला त्या ठेक्याशी जास्त काटेकोर राहावं लागतं, असं माझं ठाम मत आहे. कसं, ते माझ्याच एका गाण्यावरून सांगते.

एकांकिका होती चाळीच्या पुनर्विकासावर. शेवटच्या दिवशी रिकाम्या खोलीत उभी असलेली मुलगी गाते, एवढाच प्रसंग. पहिला खर्डा मी यमकात लिहिला:

दाराजवळी खिळा वाकडा
मनात उरला एक आकडा

दोन्ही ओळी सोळा-सोळा मात्रांच्या, चाल लगेच लागली असती. पण कुठला आकडा? मुलीच्या मनात कुठलाच आकडा नव्हता. 'वाकडा'ला जोडी हवी म्हणून तो आला होता आणि तो आल्याबरोबर प्रेक्षकाचं लक्ष खिळ्यावरून उडणार होतं. खिळाच तर मला दाखवायचा होता.

मग दुसऱ्या खर्ड्यात मी यमक आणि मात्रा दोन्ही सोडल्या:

दाराजवळचा तो वाकडा खिळा
ज्याला बाबा ऑफिसची पिशवी अडकवायचे
अजून आहे

वाचायला हे मला फार सुंदर वाटत होतं. तालमीत संगीतकार मित्राने केरवा ताल धरला आणि गाणारी मुलगी दुसऱ्याच ओळीत अडखळली. पहिली ओळ एकोणीस मात्रांची, दुसरी सव्वीस. केरव्याचं आवर्तन आठ मात्रांचं. दोन्ही ओळी समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू करून मोजलं तर सम पडत होती 'जवळचा'मधल्या 'चा'वर, 'पिशवी'च्या 'वी'वर, 'अडकवायचे'च्या 'चे'वर. म्हणजे तबल्याचा बराचसा भार प्रत्ययांवर आणि शब्दांच्या शेपटांवर येत होता, आणि बाबा, पिशवी हे जे ऐकू यायला हवं ते मधल्या मात्रांत घाईघाईने निघून जात होतं. मुलीची काही चूक नव्हती, चूक माझ्या ओळीत होती.

त्या रात्री घरी मांडीवर ठेका धरून बसले तेव्हा आठवला भोंडला. आमच्याकडे म्हणायचे तसं लिहिते:

अक्कण माती चिक्कण माती, खळगा तो खणावा
अस्सा खळगा सुरेख बाई, जातं ते रोवावं
अस्सं जातं सुरेख बाई, सोजी ती दळावी
अश्शी सोजी सुरेख बाई, करंज्या कराव्या

खणावा, रोवावं, दळावी, कराव्या. शेवटं जुळत नाहीत. तरीही लहानपणी हत्तीच्या चित्राभोवती फिरताना हे गाणं मध्येच थांबवणं कुणालाच जमायचं नाही. कारण प्रत्येक ओळ आधीच्या ओळीतली वस्तू उचलते आणि नवी वस्तू टाकून जाते. 'सुरेख बाई' ठरलेल्या जागी येतं, तेवढ्या वेळात गाणारीला पुढची ओळ आठवते आणि ऐकणारीला काय येणार याची उत्सुकता लागते. यमक कानाला सांगतं की ओळ संपली, आता याची जोडी येणार. इथे तेच काम परत येणारा शब्द करतो, फक्त तो बरोबर त्याच मात्रेवर परत यावा लागतो. दोन मात्रा इकडेतिकडे झाल्या तर कान त्याची वाट बघणं सोडून देतो.

माझ्या दुसऱ्या खर्ड्यात असा शब्द होताच: अजून आहे. मोजून बघितलं. अ एक, जू दोन, न एक, आ दोन, हे दोन. बरोबर आठ, म्हणजे एक पूर्ण आवर्तन. 'अजून' पहिल्या चार मात्रांत बसतो आणि 'आहे' पाचव्या मात्रेवर, म्हणजे तालातल्या 'खाली'च्या हलक्या जागेवर, नव्याने सुरू होतो. मग उरलेल्या ओळी त्या मापाने कापल्या:

दाराजवळी खिळा वाकडा
अजून आहे
भिंतीवरती रेघ पाचवी
अजून आहे
गॅलरीतली वाळली तुळस
अजून आहे
माझ्यापाशी चावी नाही

वस्तूची ओळ सोळा मात्रांची, दोन आवर्तनं. 'अजून आहे' एक आवर्तन आणि त्यानंतर एक आवर्तन पूर्ण रिकामं, नुसता ठेका. चार आवर्तनांचा एक घास झाला. ते रिकामं आवर्तन मी मुद्दाम मागून घेतलं. आता पुढे कुठली वस्तू, हा प्रश्न ऐकणाऱ्याला पडायला तेवढी जागा लागते. ती दिली नाही तर वस्तूंची यादी किराणा सामानाच्या यादीसारखी धावत सुटते.

दोन शब्दांच्या क्रमावर मी अख्खा दिवस घालवला, तेही सांगते. 'आहे अजून' याच्याही आठच मात्रा होतात. अर्थही तोच. पण गाऊन बघा. 'आहे'चा 'आ' समेवर जड बसतो आणि ओळ तिथेच थांबते. शेवटी येणारा 'न' तोंड बंद करतो, तो उघड्या स्वरासारखा लांबवता येत नाही. 'अजून'मध्ये समेवर लघू 'अ' येतो, त्यावर उभं राहता येत नाही, आवाज आपोआप पुढच्या 'जू'वर घसरतो. गाण्याला पुढे ढकलणारा धक्का तिथे मिळतो. आणि शेवटचा 'हे' उघडा स्वर असल्यामुळे रिकाम्या आवर्तनात हवा तितका धरता येतो. परत येणारी ओळ उघड्या स्वरावर संपावी, हा माझा आग्रह आहे. 'मेरा कुछ सामान' आठवा. 1987 च्या 'इजाजत'मधलं. गुलजारांचं ते गाणं यमकाच्या आधाराने चालत नाही, आणि 'लौटा दो' हे दोन शब्द त्याला परत परत बांधून ठेवतात. 'दो'चा 'ओ' आशाताई जसा धरतात, तसा एखादा व्यंजनान्त शब्द धरता आलाच नसता. त्या गाण्यासाठी गुलजारांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि आशाताईंनाही.

पुनरावृत्तीची ओळ एकदा ठरली की ती बाकीच्या ओळींच्या व्याकरणावरही हुकूम चालवते, हे मला या गाण्यात पहिल्यांदा नीट कळलं. दुसरी वस्तू मी आधी 'भिंतीवरती रेघा बारा' लिहिली होती, मुलीची उंची दर वाढदिवसाला मोजायचे त्या रेघा. सोळा मात्रांत चोख बसत होतं. पण रेघा बारा म्हटलं की 'अजून आहेत' म्हणावं लागतं. नऊ मात्रा, आणि शेवटी 'त' येऊन तोंड बंद. म्हणून बारा रेघांची एकच रेघ केली, पाचवी. आणि ती जास्त चांगली निघाली, कारण बारा रेघा नुसत्या मोजल्या जातात, पाचवी रेघ डोळ्यांना दिसते, कमरेच्या जरा वर. वर्तमानकाळ ठेवण्याचंही कारण तेच. 'अजून होता' म्हटलं असतं तर खिळ्याला होता, रेघेला होती असं ते बदलत राहिलं असतं. 'आहे'ला लिंग नाही, म्हणून तो हलत नाही.

कागदावरच्या मात्रांवर मात्र शंभर टक्के विसंबू नका. 'तुळस' लिहिताना तीन लघू आहेत, पण तोंडात ते 'तुळस्' होतं, मधला 'ळ' लांबतो आणि 'स्' पुढच्या समेला चिकटतो. इथे ते मला चाललं, कारण ती घाई 'अजून'च्या 'अ'वर नेऊन सोडते. दुसऱ्या ठिकाणी त्यानेच ओळ लंगडली असती. म्हणून मी दुसऱ्या कुणाला तरी ओळी वाचायला सांगते, चाल न सांगता, आणि मी फक्त आठ टाळ्या मोजते. वाचणारा शब्दाच्या मध्ये श्वास घेत असेल किंवा माझ्या टाळीसाठी थांबून राहत असेल, तर ती ओळ परत लिहायची.

आता ती शेवटची ओळ, 'माझ्यापाशी चावी नाही'. सोळा मात्रा, आधीच्या ओळींसारख्याच. तिच्यानंतर 'अजून आहे' येत नाही. तीनदा आलं की कान चौथ्यांदा मागतोच, आणि तिथे मी दोन्ही आवर्तनं रिकामी सोडली. मित्राला ते पटत नव्हतं, त्याला तिथे बासरी हवी होती. मी हट्ट धरला की ठेक्याशिवाय काहीही वाजणार नाही. तीनच्या ऐवजी पाच-सहा वस्तू घेतल्या असत्या तर हे जमलं नसतं असं मला वाटतं, कारण तोवर कानाची मागणी संपून सवय झाली असती. दोनच घेतल्या असत्या तर मागणी तयारच झाली नसती.

दुसऱ्या कडव्यात ती मुलगी नव्या इमारतीत आहे. माप तेच, चाल तीच, एक शब्द बदलला:

या भिंतींना वास आमचा
अजून नाही

'आहे' चार मात्रांचा, 'नाही'ही चार मात्रांचा. दोन्ही उघड्या स्वरावर संपतात, म्हणून चालीला काहीच करावं लागलं नाही.

रंगीत तालमीला मी विंगेत उभी होते. तबल्यावर बसलेल्या मुलाने तोवर गाण्याचे शब्द नीट ऐकलेही नसतील, तो मात्रा मोजत होता. 'चावी नाही' झालं, रिकामं आवर्तन सुरू झालं, आणि हात ठेक्यावर असतानाच त्याचे ओठ हलले: अजून आहे.