नागीण म्हणायला काय हरकत होती?

«फोटोचं वर्णन छान केलंत. एकाच बाजूला, पाण्याचे फोड, खाली लाली. मग सरळ नागीण म्हणायला काय हरकत होती? आमच्या आजी गेरूचा लेप लावायच्या, पंधरा दिवसांत बरं व्हायचं. डॉक्टर झालात म्हणून प्रत्येकाला दवाखान्यात पळवायलाच हवं का?»

मागे एका बाईंच्या अंगावरच्या फोडांच्या फोटोचं मी वर्णन केलं होतं आणि आजाराचं नाव न घेता दवाखान्यात जायला सांगितलं होतं, त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया. रागावलात, पण प्रश्न रास्त आहे. नाव मी मुद्दामच घेतलं नव्हतं, कारण फोटो आला तेव्हा एक प्रश्न विचारायचा राहिला होता: दुखत होतं तिथे बिब्बा लावला होता का?

फोटोत उजव्या बरगडीवरून पाठीकडे गेलेले फोडांचे तीन झुबके होते. मोहरीपासून मुगाएवढे फोड, खाली लालभडक कातडी, दोन झुबक्यांच्या मधली त्वचा मात्र अगदी स्वच्छ. फोडांतलं पाणी बहुतेक ठिकाणी नितळ, एक-दोन ठिकाणी गढूळ व्हायला लागलेलं, खपली कुठेच नाही. म्हणजे फोड उठून दोन-तीन दिवसच झाले असावेत. आणि पुरळ मणक्याच्या रेषेशी येऊन थांबलं होतं. नागिणीची ही ठळक खूण. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू मज्जारज्जूलगतच्या गाठींमध्ये दबा धरून बसतो आणि पुढे कधीतरी एखाद्या मज्जातंतूवरून बाहेर येतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरलेला असतो, म्हणून पुरळही मध्यरेषेपाशी थांबतं. ‘विळखा पुरा झाला की माणूस जातो’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. विळखा सहसा पुरा होतच नाही. फोड दोन्ही बाजूंना किंवा अंगभर उठले, तर मात्र प्रतिकारशक्ती खालावलेली असू शकते, आणि मग एक दिवसही थांबू नये.

पण बिब्ब्यानेही फोड येतात. पाठ भरली, बरगडी धरली की आपल्याकडे अजूनही बिब्बा उगाळतात. त्याचे फोड जिथे बोट फिरलं तिथे, रेघेत उठतात, आसपास काळपट डाग असतो आणि मध्यरेषेची त्यांना पर्वा नसते. पावसाळ्यात एक बारीक किडा अंगावर चिरडला तरी सकाळी भाजल्यासारखा लाल पट्टा दिसतो. नागिणीत आधी काही दिवस नुसतंच दुखतं, तसं किड्याच्या पट्ट्यात होत नाही. बिब्ब्यात मात्र दुखणं आधीपासून असतं, म्हणून तर तो लावतात! फोटोत हा क्रम दिसत नाही. तो माणसालाच विचारावा लागतो.

आता आजींचा लेप. नागीण दोन-चार आठवड्यांत आपोआप सुकते, लेप लावा की लावू नका. म्हणून श्रेय गेरूला मिळतं. तिशीतल्या धडधाकट माणसाच्या पोटावर चार फोड आले आणि तो कुठेही गेला नाही, तरी बहुधा बरा होईल. इथे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. अडचण पन्नाशीनंतरची. फोड गेल्यावरही त्या पट्ट्यात महिनोन् महिने आग होत राहण्याची शक्यता वयाबरोबर वाढते. विषाणूवरच्या गोळ्या फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या, तर नवे फोड लवकर थांबतात आणि सुरुवातीचा ठणका कमी होतो. नंतरची आग हमखास टळते असं नाही. लेपाखाली हेच तीन दिवस जातात. शिवाय वाळलेला लेप काढताना फोड फुटतात, त्यात पू होतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर या गोळ्यांचा डोस कमी करावा लागतो, म्हणून औषधाच्या दुकानातून नाव सांगून आणू नयेत.

तीन दिवस उलटून गेले तरी नवे फोड येत असतील तर जावंच. आणि कपाळ, पापणी किंवा नाकाचा शेंडा यांवर फोड असतील, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. नाकाच्या शेंड्याला जाणाऱ्या मज्जातंतूचीच शाखा डोळ्यातही जाते. शेंड्यावर फोड दिसला की डोळ्यालाही धोका आहे असं धरायचं, डोळा लाल नसला तरी. घरात गरोदर बाई असेल आणि तिला कांजिण्या झालेल्या नसतील, तर ओले फोड झाकून ठेवा. त्या पाण्यातून तिला कांजिण्या होऊ शकतात.

फोटोतल्या बाई 58 वर्षांच्या. बिब्बा लावला नव्हता. आधी चार दिवस बरगडीत आग होत होती, भाचा म्हणाला उसण भरली असेल, म्हणून नुसतं शेकलं होतं. फोड उठल्याच्या तिसऱ्या संध्याकाळी गोळ्या सुरू झाल्या. दहाव्या दिवशी सगळ्या खपल्या होत्या. आता दीड महिना झालाय, आणि पदराचा काठ तिथे घासला की अजून चुणचुणतं म्हणतात.