बेडगी, बेडकी आणि पहिली पोस्ट

बेळगावच्या रविवार पेठेत आमचं सुक्या मिरचीचं दुकान आहे. आजोबांपासून आजवर आम्ही केलेली जाहिरात एवढीच, की उन्हाळ्यात दोन पोत्यांची तोंडं उघडून ती दारात लावायची. जाणारा-येणारा शिंकला की समजायचं, जाहिरात पोचली. पण यंदा पुतणीनं दुकानाचं पेज काढून दिलं आणि "काका, पहिली पोस्ट तुम्ही लिहा, तुम्ही बी.कॉम. आहात," असं म्हणून ती क्लासला पळाली. बी.कॉम.मध्ये असलं काही शिकवत नाहीत, हे ऐकायला ती थांबली नाही.

पहिलं वाक्य मला झटक्यात सुचलं. "आमच्याकडे सर्व प्रकारच्या उत्तम प्रतीच्या मिरच्या रास्त दरात मिळतील." गल्ल्यावर बसलेल्या अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"सर्व प्रकारच्या? लवंगी हाय काय आपल्याकडं?"

"नाही."

"मग? आणि सगळीच उत्तम म्हणालास तर ते कोपऱ्यातलं पोतं कुणाला विकू, तुझ्या सासऱ्याला?"

वाक्य गेलं. दर लिहायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं. मिरचीचा दर प्रत्येक बाजाराला हलतो. सोमवारी लिहिलेला दर शुक्रवारी गिऱ्हाईक फोनवर दाखवून मागेल, आणि अण्णा त्याला तो देतील. मग रात्री जेवताना मला ऐकवतील.

आता मी नावं घेऊन लिहायला बसलो. बेडगी म्हणजे हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावची. सुरकुतलेली, गडद लाल, रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. तिच्यातही डब्बी आणि कड्डी असे दोन प्रकार आहेत. डब्बी आखूड नि गुबगुबीत, बियांनी भरलेली. कड्डी लांब, सडपातळ, बिया कमी. तिला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी अभिमानानं लिहिलं. शिवाय तिचा अर्क काढून तो लिपस्टिक आणि नेलपॉलिशमध्ये वापरतात, हेही लिहिलं. ही माहिती खरी आहे. पण अण्णांनी ती ऐकली आणि देव्हाऱ्याकडं बघून म्हणाले, "आमटीत लिपस्टिक घातल्यागत वाटंल की रे बायकांना. काढ ते."

संकेश्वरी आली की अण्णांचा आवाजच बदलतो. लांब, बारीक, तिखट. नाव आमच्या जिल्ह्यातल्या संकेश्वरचं, पण तिचा सौदा जोरात चालतो तो पलीकडं गडहिंग्लजला, महाराष्ट्रात. सीमाप्रश्नाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, मिरचीनं आपला लावून घेतलाय. (हे वाक्य मी पोस्टमध्ये घातलं होतं. अण्णांनी न बोलता फक्त मान हलवली, आणि दुकान चालवणाऱ्या माणसाची मान कशासाठी हलते हे मला कळतं.)

मग फोटो. पोत्यावर वाकून मी बेडगीचा फोटो काढला. फोनमध्ये तो असा लालभडक उमटला, की आमची मिरची आम्हालाच ओळखू येईना. "रंग मारलाय म्हणतील," अण्णा म्हणाले. पोतं सावलीत ओढून दुसरा काढला, तर मिरची काळपट दिसली. "आता कोल्ड स्टोरेजमधली जुनी म्हणतील." शेवटी आमच्या हमालानं ओंजळभर मिरची दारातल्या उन्हाच्या कडेला धरली आणि तिसरा फोटो जमला. त्यात मिरचीपेक्षा त्याची अंगठी छान आली आहे.

पण खरा मजकूर निघाला तो मी प्रमाण लिहायला घेतल्यावर. कांदा-लसूण मसाल्याला कुठली मिरची किती, हे लोक रोज विचारतात, तेव्हा म्हटलं एकदाच छापून टाकू. अण्णा म्हणाले, "असं एकच प्रमाण असतंय होय? गेल्या साली ती चंदगडची मावशी आल्ती, तिला काय दिल्तो आठवतंय?"

मला आठवत होतं. मावशींना तांबडी लाल तर्री पाहिजे होती, पण घरात सासऱ्यांना आम्लपित्त आणि दोन नातवंडं. अण्णांनी आधी विचारलं, "खाणारी किती, तिखट खाणारी किती?" मग दर किलोला सहाशे ग्रॅम बेडगी, तीनशे संकेश्वरी आणि शंभर गुंटूर असं बांधून दिलं. रंग बेडगीचा, चव संकेश्वरीची, आणि गुंटूर नुसती चटका द्यायला. मावशींनी गुंटूर आणखी वाढवून मागितली तेव्हा अण्णा म्हणाले, "सासऱ्यांना विचारून या." पंधरा दिवसांनी मावशी परत आल्या त्या भांडायला. तीन किलो नेली, चटणी तीन किलो भरली नाही! अण्णांनी शांतपणे विचारलं, "देठं कुठं गेली?" देठं खुडली, ऊन लागून राहिलेली ओल गेली, कांडपाला थोडी उडाली, की वजन घटणारच. मी ते सगळं लिहून घेतलं. माझ्या पोस्टमधला पहिला कामाचा परिच्छेद हाच.

"आणि हे लिही," म्हणत अण्णांनी पोत्यातली एक मिरची उचलून माझ्या कानाशी हलवली. खुळखुळ. आत बिया सुट्या झाल्या होत्या. दुसऱ्या पोत्यातली हलवली. गप्प. "ही ओली. वजनाला बरी, पण घरी नेल्यावर आत बुरशी धरतंय." मग ती मधून चिरून दाखवली. बियांच्या कडेला राखाडी कापसासारखं काहीतरी होतं. वरून मात्र ती खुळखुळणाऱ्या मिरचीपेक्षा देखणी दिसत होती. म्हणून घेताना नुसता रंग बघायचा नाही, चारपाच कानाशी हलवायच्या, एखादी फोडून बघायची. आणि आमच्याकडचा पाऊस एकदा लागला की खडखडीत वाळलेली मिरचीही हवेतली ओल ओढून मऊ पडते, तेव्हा कुटायची ती मृगाच्या आधी. बी.कॉम. होऊन इतकी वर्षं गल्ल्याशेजारी बसलो, पण मिरची ऐकायची असते हे मला त्या दिवशी कळलं. ते गप्प पोतं अण्णांनी आत, कोपऱ्यात सरकवायला लावलं. माझ्या सासऱ्यांचं पोतं ते हेच.

शेवटची अडचण भाषेची. 2024 पासून पाटीवर साठ टक्के कन्नड लागतं. तेव्हा अण्णांनी टेप घेऊन पाटी स्वतः मोजली होती. आता ते फोनचा पडदा मोजायला निघाले. हा नियम पाटीला आहे, फोनला नाही, हे पटवायला अर्धा तास गेला. तरी "निम्मी गिऱ्हाइकं कन्नड हायेत, त्यांनी काय वाचायचं?" हा मुद्दा बिनतोड होता. हमालानं तेवढं सगळं कन्नडमध्ये सांगितलं, मी लिहून घेतलं, आणि त्याचं माझ्यापेक्षा निम्म्या जागेत बसलं.

रात्री नऊला पोस्ट टाकली. सव्वानऊला गडहिंग्लजहून फोन.

"ओ, तुमच्याकडं नवीन बेडकी आल्याय म्हणे?"

मी पोस्ट उघडली. फोनच्या कीबोर्डनं, मला न विचारता, सगळीकडं 'बेडगी'ची 'बेडकी' केली होती. "सुरकुतलेली, गडद लाल बेडकी. घेताना कानाशी हलवून बघा. देठं खुडून उन्हात वाळवा." कन्नड मजकूर तेवढा बिनचूक.

"जित्ती हाय काय ओ?" पलीकडून खसखस ऐकू येत होती. मला बोलवेना. अण्णांनी फोन काढून घेतला.

"वाळलेली हाय. खुळखुळतंय. घरात खाणारी किती?"

पलीकडचं हसू थांबलं. अण्णांनी कानावरची पेन्सिल काढून बिलबुक ओढलं आणि लिहायला सुरुवात केली.